पाणी नेमकं कुठं मुरतंय?

जांबे महापालिकेत जाणार की ग्रामपंचायतीतच राहणार, हा प्रश्न आमच्याकडं टपरीवरच्या चहाबरोबर वर्षानुवर्षं उकळतोय. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे आणि जांबे अशी सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायची, असा प्रस्ताव येतो, जातो, परत येतो. या सगळ्या गडबडीत एक हद्दवाढ मात्र हरकती-सूचना न मागवता गुपचूप पार पडली. पाचशेतीनच्या बाथरूमचं पाणी चारशेतीनच्या हद्दीत आलं. चारशेतीनमध्ये आम्ही राहतो.

आमच्या भागातल्या टॉवरमध्ये माणसाला नाव नसतं, नंबर असतो. लिफ्टमध्ये आपण एकमेकांकडं बघून हसतो ते कर्टसी म्हणून. पण ‘दोनशेएक’चं लग्न झालं, ‘सातशेचार’ अमेरिकेला गेले, ही बातमी नंबरावरच फिरते. अशा ठिकाणी वरच्या आणि खालच्या कुटुंबाची खरी ओळख करून देण्याचं काम सोसायटीच्या गणेशोत्सवाला जमत नाही, ते नहाणीचं पाणी करतं. पाणी बिचारं निमंत्रणाची वाट बघत नाही.

तर, डाग. सुरुवातीला तो कॉमन बाथरूमच्या छताच्या कोपऱ्यात रुपयाएवढा होता. पुढं तो पॅसेजच्या पीओपीत उतरला आणि तिथं त्याला खरं कर्तृत्व गाजवायला जागा मिळाली. कडेनं गडद तपकिरी, मध्ये फिकट, आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी हातात. ही भुकटी म्हणजे सिमेंटमधले क्षार. ते पाण्यात विरघळून खाली येतात, पाणी उडून जातं, क्षार आमच्या वाट्याला राहतात. घरी येणारा प्रत्येक जण आधी डागाकडं बघतो, मग आमच्याकडं. एका मित्राला त्यात श्रीलंका दिसली. सासूबाईंना गणपती दिसला, आणि तेव्हापासून पंचाईत अशी की त्यावर रंग मारायचं नाव घरात काढायची सोय राहिली नाही.

रंगाऱ्याचं मत वेगळं होतं. त्यानं वर बघितलं, खरवडल्यासारखं केलं आणि ‘पुट्टी मारू, प्रायमर मारू, दोन हात देऊ, दिसणार नाय’ असं ठणकावून सांगितलं. रंगाऱ्याचं हे ‘दिसणार नाय’ शंभर टक्के खरं असतं. त्याला पैसे देईपर्यंत दिसत नाही. ओल्या छतावर मारलेली पुट्टी म्हणजे पाण्याला नवा कोरा कागद. डाग जिथं होता तिथंच परत येतो, फक्त या वेळी पापुद्रे घेऊन.

आणि डाग हा नुसता रंगाचा प्रश्न नाही, हे सांगायला प्लंबर लागत नाही. स्लॅबच्या पोटात सळया असतात. त्यांना ओल लागली की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि ती जागा करून देताना काँक्रीटच्या खपल्या सुटतात. ती सळई अर्धी वरच्यांच्या जमिनीतली आणि अर्धी आमच्या छतातली. शिवाय पॅसेजचा दिवा त्याच ओलीच्या रस्त्यावर आहे. त्या दिव्याची मेन बोर्डातली कळ आम्ही आधीच खाली पाडून ठेवली होती. तुमच्याकडं थेंब दिव्याच्या खोबणीतून पडत असेल तर बाकी सगळं नंतर वाचा, आधी ते करा.

आता तक्रार. तक्रारीची पहिली जागा म्हणून लोक सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निवडतात आणि तिथंच माती खातात. छताचा फोटो टाकला की पाच मिनिटांत तीन जण ‘आमच्याकडंही सेम’ म्हणतात, एक जण पार्किंगचा विषय काढतो, कुणीतरी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकतं, आणि ज्यांना उद्देशून फोटो होता ते शांतपणे ग्रुप म्यूट करतात. चारचौघांत अंगावर आलेला आरोप कुणी कबूल करत नाही. म्हणून मी फोटो न टाकता जिना चढून वर गेलो.

वर साताऱ्याकडचे निवृत्त काका राहतात. मुलगा-सून हिंजवडीच्या कंपनीत, काका-काकू नातवाच्या शाळेच्या बसची वेळ सांभाळतात. काकांनी मला आत नेलं, बाथरूमचा दिवा लावला आणि जे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक वरच्या मजल्यावर म्हटलं जातं ते म्हणाले, “बघा साहेब, आमचं बाथरूम एकदम कोरडं आहे.”

खरंच कोरडं होतं. अगदी ठणठणीत. आणि यात काकांची लबाडी काहीच नव्हती. गळक्या बाथरूमचं लक्षणच हे की वर कोरडं आणि खाली ओलं. पाणी वर थांबलं असतं तर त्यांनीच प्लंबर बोलावला असता. काकू मात्र जरा वेगळ्या निघाल्या. “अहो, त्यांच्याकडं खाली जाऊन बघा तरी एकदा,” असं त्यांनी स्वयंपाकघरातूनच सांगितलं. काका चपला घालून खाली आले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे पावसाचं असेल.” फेब्रुवारी महिना होता.

इथं बहुतेक प्रकरणं भांडणावर जातात, आणि त्याचं कारण पाणी नसतं, खर्चाचा क्रम असतो. आपण आधी गळती कुठून आहे ते शोधतो आणि मग पैसे कुणी द्यायचे ते ठरवायला बसतो. पण दोष कुणाचा हे एकदा कळलं की ज्याचा दोष निघाला त्याला प्लंबर मूर्ख वाटतो, आणि ज्याचा नाही निघाला त्याला एकदम नियम आठवतात. त्याऐवजी दोघांनाही काही माहीत नसताना वाटणी ठरवावी. तेव्हा माणूस बऱ्यापैकी न्यायी असतो, कारण सोटा कुणाच्या पाठीत बसणार ते त्याला ठाऊक नसतं. मी घरी येऊन काकांना कागदावर पत्र लिहिलं. कागद म्यूट करता येत नाही.

“ती. काकांस सा. न. वि. वि. आमच्या बाथरूमच्या व पॅसेजच्या छतावर ओल आली आहे, हे आपण पाहिलेच आहे. ती आपल्याकडून आहे, असे मी म्हणत नाही. सामाईक पाइपातूनही असू शकते. म्हणून विनंती अशी की, दोघांना चालेल असा प्लंबर बोलावून आपण दोघांनी समोर उभे राहून तपासणी करावी. तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा, निकाल काहीही लागो. डक्टमधला सामाईक पाइप गळत असेल तर खर्च सोसायटीचा. आपल्या बाथरूमच्या आतले काही असेल तर ती दुरुस्ती आपली. आमच्या छताचा रंग व पीओपी आमचे. दुरुस्तीसाठी आपल्या ज्या फरशा फोडाव्या लागतील, त्यांचा खर्च निम्मा मी देईन, कारण त्या माझ्या छतासाठी फुटतील. हे आपणास मान्य असल्यास याच कागदावर सही करावी. काकूंस नमस्कार.”

यातली वाटणी मी अगदीच हवेतून काढली नव्हती. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्तीचे दोन ढीग केलेले आहेत. बाहेरच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, हे सगळं संस्थेकडं. संडास, सिंक वगैरेमुळं होणारी आतली गळती ज्या त्या सभासदाकडं, आणि ती कुणाची हे आर्किटेक्ट किंवा तशा जाणकारानं ठरवायचं. म्हणजे नियमानं बघितलं तर फरशांचे पैसे मी देणं लागत नव्हतो. पण नियमावर बोट ठेवून काकांचं बाथरूम फोडायला लावणं आणि काकांनी आपण होऊन ‘या, फोडा’ म्हणणं, यात जो फरक आहे तो निम्म्या फरशांच्या किमतीत मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे. काकांनी दोन दिवस कागद टेबलावर ठेवला. सही झाली. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: ‘फरशीचा रंग सौ. ठरवतील.’

सही घेण्याआधी एक तारीख बघून घ्या, असं मात्र मी प्रत्येकाला सांगतो. रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये बिल्डरला पाच वर्षांची जबाबदारी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष त्याच्या कानावर घातला, तर त्यानं तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. नव्या इमारतींनी भरलेल्या जांब्या-नेऱ्यात हे कलम तोंडपाठ हवं. तुम्ही या मुदतीत असाल तर आपसात वाटणी करत बसू नका आणि आपल्या हातानं फरशीही फोडू नका. फोडलेल्या जागेवर बोट ठेवून बिल्डर म्हणतो, ‘हे तुम्हीच केलंत.’ आधी त्याला लेखी कळवा. आमच्या डागानं मुदत संपल्यावर तोंड उघडलं. तेवढा समंजसपणा पाण्याकडं असतो.

प्लंबर आला. सोसायटीतले प्लंबर दोन प्रकारचे असतात. पहिला दारातूनच ‘सगळं फोडावं लागेल’ म्हणतो. दुसरा आधी प्रश्न विचारतो. आमच्या नशिबानं दुसरा मिळाला. त्याचा पहिला प्रश्न मला होता: “थेंब चोवीस तास पडतो, का आंघोळी झाल्यावर?”

या एका प्रश्नात अर्धं निदान असतं. नळाच्या लाइनीत कायम दाब असतो, त्यामुळं ती फुटली असेल तर कुणी आंघोळ करो न करो, पाणी गळतच राहतं. घर बंद करून सगळे गावाला गेले तरी. थेंब वापरानंतर वाढत असेल आणि घर बंद असताना ओसरत असेल, तर दोष वाहून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर: जाळी, ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप, नाहीतर फरशीच्या सांधी. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. आमच्याकडं सकाळी नऊनंतर जोर, दुपारी उतार. काका जत्रेला गावी गेले होते तेव्हा छत जरा फिकटलं होतं, हे बायकोच्या लक्षात होतं. तिनं ते काकूंसमोर सांगितलं आणि काकूंनी काकांकडं बघितलं. खात्रीसाठी प्लंबरनं एका रात्री पाचशेतीनची पाण्याची मुख्य कळ बंद ठेवायला लावली. मीटरचा आकडा बघायची सोय नव्हती, कारण आमच्याकडं मीटरच नाहीत, टँकर आहेत. त्यानं छताकडंच बघितलं. फरक काही नाही. म्हणजे दाबाची लाइन सुटली.

मग त्यानं खाण्याचा लाल रंग मागितला. काकूंनी शिऱ्यासाठीची डबी दिली, पण ‘फरशीला डाग पडणार नाही ना’ हे तीनदा विचारून. डागाची काळजी वरच्या मजल्यावरही असते, हे मला त्या दिवशी कळलं. रंगीत पाणी त्यानं जमिनीवर ओतलं नाही. जाळी काढली, नरसाळ्याला नळी जोडून ती थेट ट्रॅपच्या आत सोडली आणि बादलीभर लाल पाणी फरशीला न लागता खाली घातलं. हे पाणी ट्रॅप आणि त्यापुढच्या पाइपातून डक्टकडं जातं. त्या वाटेत भेग असती तर आमच्याकडं लाल थेंब आला असता. दोन दिवस वाट बघितली, तोवर काकांच्या घरानं दुसरं बाथरूम वापरलं. लाल काही आलं नाही.

आता खरी गोष्ट. तुमच्या-आमच्या बाथरूमच्या फरशीखाली बहुतेकदा लगेच स्लॅब नसतो. बाथरूमपुरता स्लॅब खाली उतरवलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात आणि मग फरशी. ट्रॅप त्या भरावात बसलेला. त्याची मान फरशीपर्यंत पोचत नसेल तर वर एक तुकडा जोडतात, आणि त्यावर स्टीलची जाळी. प्लास्टिकच्या गुळगुळीत मानेला सिमेंट नीट धरत नाही. कालांतरानं दोघांत बारीक फट पडते. आंघोळीचं पाणी जाळीकडं येतं, बहुतेक आत जातं, थोडं मानेच्या बाहेरून भरावात उतरतं. वरून बघणाऱ्याला सगळं पाणी जाळीत गेलेलंच दिसतं.

हे तपासायला प्लंबरनं ट्रॅपच्या मानेत खालपर्यंत फुगवायचं बूच घातलं आणि जाळीच्या जागेभोवती पांढऱ्या सिमेंटची गोल पाळ केली, वाफ्याला घालतात तशी. त्या पाळीत निळा रंग घातलेलं पाणी भरलं. बाकी बाथरूम कोरडं. काका स्टूल घेऊन दारात बसले होते. तासाभरानं त्यांनीच हाक मारली, “अहो, पाणी खाली चाललंय हे!” खरंच पातळी बोटभर उतरली होती, आणि बूच तर घट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला निळसर झाक आली. ‘बघा, मी म्हणत होतो’ हे वाक्य मी गिळलं. ते गिळायला जड जातं, पण तपासणीचे निम्मे पैसे याचसाठी दिलेले असतात.

या परीक्षेची एक मर्यादा प्लंबरनंच सांगितली. रंग खाली आला तर गुन्हा सिद्ध. नाही आला म्हणून सुटका नाही. विटांचा भराव रंग गाळून घेतो, आणि पाणी सरळ खालीही येत नाही. ते स्लॅबच्या उतारानं, वायरीच्या नळीतून, वाट मिळेल तिकडं जातं आणि वरच्या जाळीपासून लांब भलत्याच ठिकाणी उगवतं. म्हणून डागाच्या बरोबर वर काय आहे हे बघून फरशी फोडणारा माणूस हमखास चुकीची फरशी फोडतो. घाई न करता एक वाट बंद करून दुसरी तपासायची, आणि मध्ये छताला वेळ द्यायचा, याला पर्याय नाही.

दुरुस्ती मग तुलनेनं साधी झाली. सगळं बाथरूम नाही फोडावं लागलं. जाळीभोवतीच्या चार फरशा निघाल्या. मानेभोवतीचं सैल सिमेंट खरवडून काढलं, जोडतुकडा बदलून फरशीच्या पातळीला येईल असा बसवला, भोवती सिमेंटमध्ये पॉलिमर कालवून त्याचे दोन हात आडवे-उभे दिले, कोपरे गोल केले. नव्या फरशा बसवून सांधी साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सीनं भरल्या. मग परत बूच घालून अख्ख्या बाथरूममध्ये बोटभर पाणी दोन दिवस साठवून ठेवलं. पातळी हलली नाही. ही शेवटची पायरी कंत्राटदार टाळतो, कारण त्यात त्याला दोन दिवस काही करायचं नसतं. ती झाल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

खर्चात वाद झाला तो फक्त फरशांवर, आणि तोही पैशाचा नव्हता. जुन्या फरशीचा रंग बाजारात येणं बंद झालं होतं. दुकानदार ‘जवळजवळ तोच’ म्हणून जे दाखवायचा ते काकूंना जवळपासही वाटायचं नाही. शेवटी काकूंनी पुनावळ्याच्या वाटेवरच्या एका दुकानात मुद्दाम वेगळ्या रंगाच्या चार फरशा पसंत केल्या, म्हणजे ठिगळ नाही, डिझाइन वाटेल. काकांच्या कागदावरची ती एक ओळ सगळ्या करारात सर्वांत दूरदृष्टीची होती.

आणि एवढं सगळं झाल्यावर आमच्याकडं थेंब पडतच राहिला. बहुतेक घरांत दुसरं भांडण इथं सुरू होतं. ‘पैसे घेतले आणि काम केलं नाही’ असं खालचा म्हणतो, ‘आता आणखी काय फोडू’ असं वरचा म्हणतो, आणि प्लंबर फोन उचलत नाही. पण यात कुणी खोटं नसतं. भरावातल्या विटांनी कितीतरी महिने पाणी पिऊन ठेवलेलं असतं. वाट बंद झाली तरी ते साठलेलं पाणी उतरायला काही आठवडे लागतात. काम जमलं की नाही याची खूण थेंब थांबण्यात नाही, तो आंघोळीच्या वेळेशी जुळतो की नाही यात आहे. आमचा थेंब सकाळ-दुपार सारखाच झाला, मग तुरळक, मग नुसती ओल. काका रोज संध्याकाळी ‘आज काय म्हणतोय?’ म्हणून विचारायला यायचे, घरात आजारी माणूस असल्यासारखे. चहा होऊ लागला. आता त्यांना मी चारशेतीन नाही आणि ते मला पाचशेतीन नाहीत.

रंगारी मात्र वाट बघायला तयार नव्हता. त्याचे दोन फोन येऊन गेले. त्याला सांगितलं, छत पूर्ण वाळू दे, पांढरी भुकटी ब्रशनं झाडून परत येते का ते बघू, मग ये. तुमच्याकडंही डाग असेल तर क्रम एवढाच ठेवा: आधी ताब्याची तारीख, मग वाटणीच्या कागदावर दोन सह्या, मग प्लंबर, आणि छत वाळल्याशिवाय रंगाऱ्याला घरात घेऊ नका, तो कितीही ‘दिसणार नाय’ म्हणाला तरी.